गाइड आहे, तरी ड्राफ्ट परत येतो: क्लायंटच्या जुन्या मजकुरातून ब्रँड व्हॉइस काढताना नेमकं काय चुकतं

लक्षण ओळखीचं आहे. नवं काम सुरू होतं, क्लायंटचा जुना मजकूर आपण चाळतो, दोन-तीन दिवस खपून ब्रँड व्हॉइस गाइड तयार करतो आणि क्लायंट ‘मस्त’ म्हणून ते मंजूरही करतो. मग पहिला ड्राफ्ट जातो आणि परत येतो. शेरा एकच: ‘चांगलं लिहिलंय, पण आमचं वाटत नाही.’ तो दुरुस्त करून द्यावा, तर पुढच्या ड्राफ्टवर पुन्हा तेच. टीममधला लेखक बदलला की पहिल्यापासून सुरुवात.

हे का होतं ते मला एका कामात नीट उमगलं, म्हणून तेच सांगते. क्लायंट म्हणजे घरगुती पाणी शुद्ध करणारी यंत्रं बनवणारी एक कंपनी. लिहायचं काय, तर वेबसाइटची पानं, ग्राहकांना जाणारे ईमेल, सर्व्हिसच्या सूचना आणि समाजमाध्यमांवरच्या पोस्ट. लिहिणारे आम्ही तिघं. गाइड मी केलं होतं, चांगलं सात पानी, आणि त्याच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं: ‘आमचा आवाज आपुलकीचा, विश्वासार्ह आणि सोपा आहे.’ पाच आठवड्यांत अकरा ड्राफ्ट परत आले.

सुरुवात परत आलेल्या ड्राफ्टपासून

अशा वेळी पहिला मोह होतो गाइडमध्ये आणखी दोन पानं घालण्याचा. तो आवरा. आधी परत आलेले ड्राफ्ट समोर घ्या आणि त्यांतल्या ट्रॅक चेंजेस वाचा. शेरे नव्हे, बदल. आपला आवाज कसा आहे हे क्लायंटला शब्दांत सांगता येत नाही. पण खटकलं की त्याचा हात बरोबर तिथेच जातो. शेऱ्यांत फक्त ‘जरा साधं करा’, ‘फार जाहिरातीसारखं झालंय’ एवढंच असतं. त्यावरून काही करता येत नाही.

मी अकराही ड्राफ्टमधले बदल एका शीटमध्ये उतरवले. डावीकडे आम्ही लिहिलेलं, उजवीकडे त्यांनी केलेलं. तासाभरात चित्र दिसायला लागलं. ‘आपण’ आणि ‘आपल्या’ जवळजवळ प्रत्येक ठिकाणी खोडलेलं, त्याजागी ‘तुम्ही’, किंवा नुसतीच जागा मोकळी. ‘संपर्क साधू शकता’चं ‘कळवा’ झालेलं. उद्गारचिन्हं गेलेली. ‘अत्याधुनिक’, ‘तज्ज्ञ’, ‘सर्वोत्तम’ गेलेले. इथवर कुणालाही अंदाज आला असता. पण पाचवी गोष्ट वेगळी होती. बऱ्याच ड्राफ्टमध्ये त्यांनी आमचं तिसरं किंवा चौथं वाक्य उचलून पहिलं केलं होतं. आम्ही सुरुवात फायद्याने करत होतो, त्यांना सुरुवातीला बातमी हवी होती: काय झालं, काय होणार आहे. ‘आपुलकीचा, विश्वासार्ह, सोपा’ यातल्या कुठल्याच शब्दात हे बसत नव्हतं. म्हणजे जी गोष्ट सगळ्यात जास्त खटकत होती, तीच गाइडमध्ये नव्हती.

परत आलेले ड्राफ्ट अजून जमले नसतील, काम नवं असेल, तर क्लायंटने आधीच्या लेखकांच्या मजकुरात केलेल्या दुरुस्त्या मागा. एक-दोन फाइली मिळाल्या तरी चालतील. छापून आलेल्या मजकुरापेक्षा त्यातून जास्त कळतं.

जुना मजकूर म्हणजे एकच आवाज नव्हे

पुढची चूक माझीच होती आणि ती फार सरसकट होते. मी कंपनीचा मिळेल तेवढा मजकूर उतरवून घेतला होता, सुमारे १४० तुकडे, आणि सगळ्यांत मिळून काय सारखं आहे ते शोधलं होतं. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, हे विचारलंच नव्हतं. आता विचारलं. अर्ध्या तासाच्या फोनवर कळलं की यात तीन हात आहेत. सुरुवातीच्या वर्षांतली ग्राहकांना पाठवलेली पत्रं आणि यंत्रासोबतची माहितीपत्रकं कंपनी सुरू करणाऱ्या बाई स्वतः लिहायच्या. मधली दोन वर्षं काम बाहेरच्या एजन्सीकडे होतं, आणि त्यांचा बहुतेक मजकूर इंग्रजी ब्रोशरवरून भाषांतर केलेला होता. अलीकडची ग्राहकांना दिलेली उत्तरं सपोर्टमधला एक जण लिहितो.

संख्येने पाहिलं तर अर्ध्याहून जास्त तुकडे एजन्सीचे होते, कारण एजन्सी दर आठवड्याला काहीतरी टाकत असे आणि बाई वर्षातून चार पत्रं लिहीत. म्हणजे ज्या आवाजाला कंटाळून क्लायंट आमच्याकडे आला होता, नेमका तोच मी ‘ब्रँडचा आवाज’ म्हणून त्याला परत दिला होता. आणि त्यावर बाकीच्या दोघांचा थोडा हात फिरवला होता. तिघांचे फोटो एकमेकांवर ठेवून ओळखपत्र काढावं तसं.

इथे मराठीत लिहिणाऱ्यांनी विशेष सांभाळायला हवं. आपल्याकडे कंपन्यांचा जुना मजकूर बऱ्याचदा भाषांतरित असतो, आणि भाषांतराच्या सवयी फार ठाशीव असतात. ‘च्या माध्यमातून’, ‘द्वारे’, जिथे तिथे ‘करू शकता’, नुसतं ‘घरी’ म्हणून भागत असताना ‘आपल्या घरामध्ये’. हे शब्द पुन्हा पुन्हा येतात म्हणून मोजणीत वर दिसतात, आणि आपण ते ब्रँडचं वैशिष्ट्य समजून बसतो. पुन्हा पुन्हा येणं आणि स्वतःचं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तर मग ‘स्वतःचं’ कसं ओळखायचं? मी असं केलं. तिन्ही हातांच्या मजकुरातून ४० उतारे काढले, प्रत्येकी शंभर-दीडशे शब्दांचे. मांडणी, लोगो, तारखा, लेखकाचा मागमूस, सगळं काढून नुसता मजकूर ठेवला. कायदेशीर मजकूर आणि वर्तमानपत्रांसाठीची निवेदनं त्यात घेतलीच नाहीत, कारण तिथे सगळ्यांचा आवाज सारखाच असतो. हे उतारे क्लायंटकडच्या दोघांना वेगवेगळे दिले. ड्राफ्ट मंजूर करतात त्या मॅडम एक, आणि रोज ग्राहकांशी बोलणारा सर्व्हिसचा प्रमुख दुसरा. तीन गठ्ठे करायचे: ‘आमचं’, ‘आमचं नाही’, ‘सांगता येत नाही’. कारण द्यायचं नाही. कारण विचारलं की माणसं कारण देता येईल असाच उतारा निवडायला लागतात.

दोघांना एकत्र बसवू नका. एकत्र बसले की ज्याचं पद मोठं त्याचा गठ्ठा तयार होतो.

४० पैकी १७ उतारे दोघांनीही ‘आमचं’मध्ये टाकले. नऊ उताऱ्यांवर दोघांचं जमलं नाही. ते मी सरळ बाजूला ठेवले. नंतर सहज बोलता बोलता कळलं की त्यातल्या बऱ्याच ठिकाणी एकाला मजकुरातली बातमी आवडली होती, लिहिण्याची रीत नव्हे. १७ मधले १६ बाईंचे आणि सपोर्टमधल्या त्या गृहस्थांचे होते, एजन्सीचा फक्त एक. त्याच दोन हातांचा आणखी मजकूर मागवून मी २६ उताऱ्यांपर्यंत पोचले. साधारण चार हजार शब्द. आवाज शोधायला एवढे पुरतात, आणि एवढे हाताने, पेन्सिल घेऊन, दोनदा वाचता येतात. १४० तुकडे कुणी दोनदा वाचत नाही.

या कामात एक गोष्ट नशिबाने जमून आली. सपोर्टमधले गृहस्थ बाईंची पत्रं वाचतच शिकलेले, त्यामुळे दोघांची रीत जुळत होती. दरवेळी तसं नसतं. दोन्ही हात ‘आमचे’ ठरले आणि तरी वेगळे निघाले, तर त्यांची सरासरी काढू नका. एक हात निवडायला सांगा, किंवा कुठला हात कुठे चालेल ते ठरवून घ्या.

विशेषणांनी काम का भागत नाही

आता मूळ दुखणं. बाईंच्या एका पत्रातला हा उतारा बघा:

‘फिल्टर बदलायची वेळ झाली. पाणी अजून स्वच्छच येतंय, त्यामुळे घाई नाही. धार बारीक झाली म्हणजे फिल्टर गाळानं भरला. पण तोवर थांबण्यापेक्षा पुढच्या पंधरा दिवसांत बदललेला बरा. आमचा माणूस कधी यावा ते कळवा.’

आणि हा आमचा परत आलेला ड्राफ्ट:

‘आपल्या कुटुंबाच्या आरोग्याची काळजी आम्हाला आहे! शुद्ध पाण्याचा अखंड आनंद घेण्यासाठी आजच आपला फिल्टर बदला. आमचे तज्ज्ञ तंत्रज्ञ आपल्या सेवेसाठी सदैव तत्पर आहेत. अधिक माहितीसाठी आपण आमच्याशी संपर्क साधू शकता.’

माझ्या गाइडची पट्टी लावली तर दोन्ही उत्तीर्ण होतात. दुसरा आपुलकीचा नाही असं कोण म्हणेल? कुटुंब आहे, काळजी आहे. विश्वासार्ह? तज्ज्ञ आहेत ना. सोपा? एकही अवघड शब्द नाही. विशेषण लिहिणाऱ्याच्या मनातलं चित्र सांगतं, आणि प्रत्येकाच्या मनातलं चित्र वेगळं. निल्सन नॉर्मन ग्रुपने २०१६ मध्ये मांडलेल्या चार पट्ट्या पुष्कळ जण वापरतात: गंभीर की विनोदी, औपचारिक की अनौपचारिक, आदराने की खट्याळपणे, उत्साहाने की शांतपणे. पहिल्या बैठकीत क्लायंटला बोलतं करायला त्या उपयोगी आहेत. पण लिहायला बसलेल्या माणसाला ‘शांतपणे’ म्हणजे नेमकं काय करू, हे त्यातून कळत नाही.

म्हणून बाईंच्या उताऱ्याला मी एकच प्रश्न विचारत गेले: इथे त्या *करतात* काय? पहिल्या वाक्यात बातमी, चार शब्दांत. दुसऱ्यात भीती काढून टाकतात: पाणी अजून स्वच्छच आहे. विकायचं असूनही ‘घाई नाही’ म्हणतात. तिसऱ्यात ग्राहकाला स्वतः ओळखता येईल अशी खूण देतात. सल्ला ‘बदला’ असा हुकूम म्हणून येत नाही, ‘बदललेला बरा’ असा येतो, आणि त्याला मुदत आहे. आज्ञार्थ येतो तो अगदी शेवटी, ग्राहकाने करायच्या एकाच गोष्टीसाठी: ‘कळवा’. येणारा माणूस ‘आमचा माणूस’ आहे, ‘तज्ज्ञ तंत्रज्ञ’ नाही. पूर्ण उताऱ्यात ‘तुम्ही’सुद्धा नाही, गरजच पडली नाही.

यातलं काही एका उताऱ्यापुरतं असेल, काही सगळीकडे. ते बाकीच्या २५ मध्ये शोधायचं. हेच खरं काम, आणि त्याला एक अख्खा दिवस द्या. बातमी पहिल्या वाक्यात असणं २६ पैकी २२ ठिकाणी निघालं. भीती दाखवून विकण्याचा प्रकार एकदाही नाही. खूण देण्याची सवय जिथे यंत्राबद्दल लिहिलंय तिथे बहुतेक ठिकाणी. ‘आमचा माणूस’ मात्र फक्त तीनदा होता. माझ्या फार आवडीचा, पण तो नियम होऊ शकत नव्हता.

मोजायचं ते वाचून झाल्यावर

मोजणी मी आधी करत नाही. वाचताना जे वाटलं ते खरं आहे का, एवढंच तपासायला करते. २६ उतारे एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाकायचे आणि एडिटरमध्ये शोधायचं, किंवा कमांड लाइनची सवय असेल तर:

```
grep -o "करू शकता" june.txt | wc -l
```

तो शब्दप्रयोग किती वेळा आला ते लगेच कळतं. याच पद्धतीने ‘शकता’, ‘ता येईल’, ‘ता येतं’ अशी सगळी रूपं शोधली. बाईंच्या आणि सपोर्टच्या मजकुरात ‘शकता’ एकदाच निघालं, बाकी सगळीकडे ‘करता येईल’, ‘बदलता येतो’. एजन्सीच्या मजकुरात बरोबर उलटं. वाचताना काहीतरी वेगळं वाटत होतं, ते नेमकं हे होतं.

देवनागरीत मोजताना दोन ठिकाणी हमखास फसगत होते. ‘केले’ शोधलं की ‘केलेल्या’, ‘केलेला’ही त्यात मोजले जातात. मग वाटतं की मजकूर ‘केले’वाला आहे, आणि प्रत्यक्षात सगळीकडे ‘केलं’ असतं. म्हणून शब्दानंतरची मोकळी जागा किंवा पूर्णविराम धरून शोधा. दुसरं, ‘ॲप’ दिसायला एकच पण टाइप करण्याच्या रीती दोन: ‘ॲ’ हे एकच अक्षर, किंवा ‘अ’ आणि त्यावर वेगळा चंद्र. एका रीतीने शोधलं तर दुसरीतले सापडत नाहीत. खूप जुनी पत्रकं पीडीएफमधून उचलताना चित्रविचित्र अक्षरं आली, तर ती युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये आहेत असं समजा. कन्व्हर्टर वापरून झाला तरी मूळ पानाशी एकदा ताडून बघा, जोडाक्षरं बिघडतात.

वाक्याच्या सरासरी लांबीच्या फार मागे लागू नका. आमच्याकडे ती नऊ शब्द आली, आणि ‘वाक्यं सुमारे नऊ शब्दांची ठेवा’ असं मी लिहिणारही होते. पण एकही वाक्य नऊ शब्दांचं नसताना सरासरी नऊ येते. बाईंची रीत अशी की एक चार-पाच शब्दांचं वाक्य, मग एक लांब, कारणासकट. नऊ-नऊ शब्दांची वाक्यं रचली असती तर सूचनाफलक झाला असता.

नियम कसा लिहावा

सात पानांची आता चार झाली. नियम नऊ. एक नियम ठेवायचा की नाही याची माझी कसोटी ही: तोच ड्राफ्ट दोन माणसांना दिला, तर नियम पाळला की मोडला याचं दोघांचं उत्तर सारखं येईल का? ‘आपुलकीने लिहा’ इथे पडतं. ‘पहिल्या वाक्यात बातमी, फायदा नंतर’ टिकतं. गाइडमधली एक नोंद जशीच्या तशी देते:

> सल्ला आणि आज्ञा. आज्ञार्थ फक्त ग्राहकाने करायच्या शेवटच्या कृतीला: ‘कळवा’, ‘बंद करा’. बाकी सल्ला ‘-लेला बरा’, ‘-ला हरकत नाही’, ‘-ता येईल’ अशा रूपांत.
> असं: ‘टाकी आधी रिकामी केलेली बरी. मग नळ बंद करा.’
> असं नाही: ‘टाकी रिकामी करा. नळ बंद करा. आता आपण स्वच्छता सुरू करू शकता.’
> अपवाद: यंत्रावर चिकटवलेल्या सूचना आणि विजेबद्दलचा इशारा. तिथे सरळ आज्ञा.

अपवादाची ओळ गाळू नका. आमचे निम्मे वाद तिथेच मिटले. आवाज आणि सूर वेगळे असतात हे मेलचिंपच्या खुल्या शैलीपुस्तिकेत छान मांडलंय: आवाज तोच राहतो, प्रसंगानुसार सूर बदलतो. पण लिहिणाऱ्याला कुठल्या प्रसंगी काय बदलतं ते नियमाच्या शेजारीच दिसायला हवं, वेगळ्या प्रकरणात नव्हे. वेगळं प्रकरण कुणी उघडत नाही.

उदाहरणं स्वतः रचू नका, २६ उताऱ्यांतूनच घ्या. रचलेल्या उदाहरणात आपलाच आवाज शिरतो. ‘असं नाही’साठी परत आलेले ड्राफ्ट आहेतच.

चाचणी, आणि तिथे निघालेली नवीन गाठ

गाइड मंजूर होणं म्हणजे चाचणी नव्हे. क्लायंट गाइड वाचतो तेव्हा मान डोलावतो, कारण त्यात त्याची स्तुती असते. चाचणी लिहून करायची. आमच्यातल्या एका सहकाऱ्याने जुना मजकूर वाचलाच नव्हता. त्याला फक्त चार पानं दिली आणि चार विषय. त्याचे चार उतारे, आणि मॅडमनी गठ्ठे करताना न पाहिलेले चार जुने उतारे, असे आठ कालवून त्यांना पाठवले. नवे कुठले ते ओळखा. जुन्यातली मॉडेलची नावं, तारखा आधी पुसून टाकल्या, नाहीतर ओळखणं सोपं होतं.

त्यांनी चारही नवे बरोबर ओळखले. मी विचारलं कशावरून, तर हसून म्हणाल्या, ‘अहो, आम्ही इतकं “बरं बरं” करत नाही.’

सहकाऱ्याने एका उताऱ्यात लिहिलं होतं: ‘टाकी महिन्यातून एकदा धुतलेली बरी. पंधरवड्यातून धुतलेली तर फारच बरी.’ दोष त्याचा नव्हता. गाइडमध्ये ‘-लेला बरा’ हे रूप यादीत पहिलं होतं, म्हणून तो ते प्रत्येक परिच्छेदात घालत गेला. मूळ २६ उताऱ्यांत ते फक्त सहांमध्ये होतं, एकेकदा. आवाजाची नक्कल होते ती अशीच: लकब बरोबर, पण प्रमाण भलतं. नकलाकार माणसाच्या दोन-तीनच सवयी उचलतो आणि त्या दर वाक्याला दाखवतो. म्हणून तर आपण हसतो.

उपाय साधा निघाला. प्रत्येक लकबीपुढे प्रमाण लिहिलं: ‘नेहमी’, ‘कधीतरी’, ‘क्वचित’. ‘बातमी पहिल्या वाक्यात’ नेहमी. ‘-लेला बरा’ कधीतरी, एका मजकुरात एकदाच. ‘आमचा माणूस’ क्वचित. ‘-लेला बरा’ यादीत खाली गेलं आणि ‘-ता येईल’ वर आलं. दुसऱ्या फेरीत तसेच चार जुने, चार नवे कालवून दुसरे आठ उतारे पाठवले. मॅडमनी नवे म्हणून निवडलेल्या चारांपैकी दोन जुनेच होते. एवढं मला पुरेसं वाटलं. चारांपैकी चार ओळखले गेले तर गाइडमध्ये काहीतरी ओरडतंय असं समजा, आणि काय ओरडतंय ते ओळखणाऱ्यालाच विचारा.

जिथे जुना मजकूरच नाही

जुन्या मजकुरात सगळे प्रसंग नसतात. बाईंच्या पत्रांत माफी मागण्याचा प्रसंग एकही नव्हता; एकतर चुका झाल्या नाहीत किंवा फोनवर निस्तरल्या. आणि आम्हाला तर सर्व्हिस पुढे ढकलल्याचा ईमेल लिहायचा होता. अशा वेळी नऊ नियमांतून आपोआप उत्तर निघेल असं समजू नये. मी दोन मसुदे केले. एकात पहिलं वाक्य माफीचं, दुसऱ्यात बातमीचं. मॅडमनी दुसरा घेतला आणि त्यातली माफीची ओळही काढली. राहिलं ते असं:

‘उद्याची सर्व्हिस होणार नाही. लागणारा सुटा भाग अजून आलेला नाही, आणि तो नसताना यंत्र उघडून उपयोग नाही. गुरुवारी नक्की येतो. तोवर यंत्र वापरायला हरकत नाही. गुरुवार जमत नसेल तर दुसरा दिवस कळवा.’

मला स्वतःला त्यात ‘माफ करा’ हवं होतं, आणि अजूनही वाटतं की हवं. पण आवाज त्यांचा. हा उतारा गाइडमध्ये गेला, शेजारी खूण करून: ‘ठरवलेलं’. बाकीच्यांपुढे खूण आहे ‘जुन्यातलं’. हा फरक लिहून ठेवा, कारण वर्षभराने क्लायंटकडे नवा माणूस येतो आणि विचारतो, हे कशावरून? ‘जुन्यातलं’ला उतारा दाखवता येतो. ‘ठरवलेलं’ला कुणी आणि कधी ठरवलं ते सांगता येतं, आणि ते बदलायलाही हरकत नसते.

क्लायंटला आपला जुना आवाजच नको असेल, तर हा सगळा खटाटोप करू नका. तिथे शोधण्यासारखं काही नाही, सगळंच ‘ठरवलेलं’ असणार, आणि ते काम वेगळं आहे.

एवढं करूनही ‘आमचं वाटत नाही’ आलं, तर पुन्हा ट्रॅक चेंजेसच बघा. गाइड बदलल्यावर आमचा पहिल्या महिन्यात एकच ड्राफ्ट परत आला, त्याच शेऱ्यासह. मी धास्तावून फाइल उघडली. एकच शब्द खोडलेला होता: आम्ही ‘फिल्टर’ म्हटलं होतं, त्या मॉडेलमध्ये बदलायचं होतं ते मेम्ब्रेन.